टोकन नेमके कोणाला दिसत नाही? शिरोलीतील एका कार्यालयाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 8 जुलै 2024

शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या कार्यालयाचे काम आज हाती घेतले. ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असून जीएसटीच्या विवरणपत्रांवर संचालकांची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनद्वारे केली जाते. जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जूनमध्ये नवे प्रमाणपत्र घेण्यात आले आणि ते दुसऱ्या उत्पादकाच्या टोकनवर आले. तेव्हापासून कार्यालयातील दोन्ही संगणकांवर आणि संचालकांच्या घरून जोडणी केल्यावरही "टोकन दिसत नाही" अशी एकच तक्रार आहे. जूनच्या व्यवहारांचे जीएसटीआर-3बी हे विवरणपत्र 20 जुलैपर्यंत भरायचे असल्याने हाताशी बारा दिवस आहेत.

घरून सही करता यावी, हा या कामातला स्वतंत्र मुद्दा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता आणि कोल्हापूर शहरात राहणाऱ्यांना एमआयडीसीत पोहोचता येत नव्हते. संचालक शहरात राहतात, हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र कार्यालयातील संगणकावर आहे. यंदाही पावसाने जोर धरला आहे, त्यामुळे पाणी वाढण्याआधी ही सोय चालू झाली पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे.

आज कशालाही हात लावला नाही, फक्त पाहणी केली. तीन ठिकाणची तक्रार शब्दशः एकच असली तरी पडद्यावर दिसणारी लक्षणे तीन वेगळी आहेत. लेखा विभागातील जुन्या संगणकावर टोकनचा दिवा लागतो, पण विंडोज त्याला ओळखत नाही. केबिनमधील नव्या संगणकावर विंडोज काहीतरी जोडल्याचे दाखवते, पण प्रमाणपत्र कोठेच येत नाही. घरून जोडणी केल्यावर टोकन कार्यालयातील संगणकाला लावलेले असूनही प्रमाणपत्रांची यादी रिकामी राहते. म्हणजे "दिसत नाही" या वाक्यातला कर्ता प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे: एकीकडे पोर्टला दिसत नाही, दुसरीकडे विंडोजच्या प्रमाणपत्र-भांडाराला दिसत नाही आणि तिसरीकडे त्या लॉगिनला दिसत नाही. आतापर्यंत तिन्ही ठिकाणी उपाय मात्र एकच केला गेला, तो म्हणजे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकणे. नव्या संगणकावर तो चार वेळा टाकल्याचे हिशेबनीसांनी सांगितले.

एक गोष्ट आजच लेखी कळवली आहे. टोकनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टोकन नव्याने सिद्ध करण्याचा, म्हणजे Initialize करण्याचा पर्याय असतो. "टोकन दिसत नाही" म्हणून तो कोणीही दाबू नये. त्याने टोकनवरील, सहीसाठी लागणारी खासगी किल्ली पुसली जाते. ती किल्ली टोकनच्या आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नसल्याने तिची दुसरी प्रत कोठेही नसते. मग नव्याने प्रमाणपत्र घेण्यावाचून मार्ग उरत नाही.

मंगळवार, 9 जुलै 2024

आज जुना संगणक घेतला. डिव्हाइस मॅनेजर उघडून टोकन पुढच्या पोर्टमध्ये घातले, तेव्हा पुढील नोंद पिवळ्या चिन्हासह आली:

```
Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)
```

या ओळीचा अर्थ अगदी नेमका आहे. पोर्टला काहीतरी जोडले गेले एवढे संगणकाला कळले, परंतु "तू कोण आहेस" या त्याच्या पहिल्याच प्रश्नाला समोरून धड उत्तर आले नाही. त्या नोंदीच्या Details या पानावर Hardware Ids पाहिले तर `VID_0000&PID_0002` असे दिसले. उपकरणाने स्वतःची ओळख दिली असती, तर तेथे उत्पादकाचा खरा क्रमांक आला असता. क्रमांक शून्य असताना कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही, कारण कोणत्या उपकरणासाठी ड्रायव्हर लावायचा हेच विंडोजला ठाऊक नसते. येथे दोष पोर्टच्या प्रत्यक्ष जोडणीत शोधायचा, सॉफ्टवेअरमध्ये नव्हे.

यावर हिशेबनीसांनी विचारलेला प्रश्न कोणालाही पडेल असाच होता. "लाईट लागतोय की, मग दिसंना का?" त्यांना टोकनचे टोक बाहेर काढून दाखवले. त्यावर चार सोनेरी पट्ट्या असतात. कडेच्या दोन पट्ट्या विजेच्या असतात आणि थोड्या लांब असतात. मधल्या दोन माहितीच्या आणि आखूड असतात. कडेच्या दोन नीट टेकल्या की टोकनला वीज मिळते आणि दिवा लागतो. मधल्या दोनपैकी एक जरी टेकली नाही, तरी दिवा तसाच राहतो आणि संवाद मात्र होत नाही. दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली, यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही.

त्यांची दुसरी शंका अधिक अवघड होती. याच पोर्टमध्ये पेनड्राइव्ह व्यवस्थित चालतो, तर पोर्ट खराब कसे म्हणायचे? पोर्ट निळ्या रंगाचे, म्हणजे यूएसबी 3 चे आहे आणि त्यांचा पेनड्राइव्हही यूएसबी 3 चाच आहे. अशा पोर्टमध्ये त्या चार पट्ट्यांशिवाय आणखी पाच संपर्क आतल्या बाजूस असतात आणि यूएसबी 3 चे उपकरण माहितीसाठी त्यांचा वापर करते. टोकनला हे पाच संपर्क ठाऊकच नसतात. त्याचा सारा संवाद जुन्या मधल्या दोन पट्ट्यांवरून होतो. म्हणून त्या दोन पट्ट्या निकामी असल्या तरी पेनड्राइव्ह चालू शकतो आणि टोकन बंद पडते. खात्रीसाठी साधा तारेचा माऊस त्याच पोर्टला लावला. माऊसही टोकनप्रमाणेच जुन्या दोन पट्ट्यांवर चालतो आणि तोही ओळखला गेला नाही. टोकनसाठी पोर्ट तपासायचे असेल तर पेनड्राइव्हने तपासू नये, माऊसने तपासावे, ही नोंद मी पुढच्या सर्व कामांसाठी करून ठेवत आहे.

कारण डोळ्यांनाच दिसले. हा संगणक ज्या टेबलाखाली आहे, त्याच्याजवळचा दरवाजा मोल्डिंग विभागाकडे उघडतो. बॅटरीच्या उजेडात पोर्टच्या आतल्या जिभेवर काळसर, मऊ लेप दिसत होता. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. ती हवेतून येऊन बसते आणि पावसाळी दमटपणात चिकटून राहते. संगणक बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या पातळ पट्टीने जीभ पुसली. पट्टी तीन वेळा काळी झाली. टोकनचे टोकही पुसले. वाळायला दहा मिनिटे दिली आणि पुन्हा चालू केल्यावर माऊस लागला, टोकनही लागले.

तरीही टोकनसाठी हे पोर्ट वापरायचे नाही असे ठरवले. पुढची पोर्टे आतल्या लांब तारेने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि याच बाजूला धूळ येते. मागच्या बाजूचे, थेट मदरबोर्डवरचे एक पोर्ट टोकनसाठी राखून त्यावर चिठ्ठी लावली. हब किंवा एक्स्टेंशन वायर वापरायची नाही. उरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या लावल्या.

गुरुवार, 11 जुलै 2024

आज केबिनमधील नवा संगणक. येथे पोर्ट निर्दोष आहे, कारण टोकन लावताच डिव्हाइस मॅनेजरमध्ये Smart card readers या गटात Microsoft Usbccid Smartcard Reader (WUDF) ही नोंद पिवळ्या चिन्हाशिवाय येते. आतापर्यंतचा घोळ याच नोंदीने केला. ती पाहून "ड्रायव्हर बसला आहे" असे सर्वांनी गृहीत धरले आणि दोष टोकनचा ठरवला. दोन कामे वेगळी करून पाहिल्याशिवाय ही गाठ सुटत नाही.

यूएसबी टोकन दिसायला पेनड्राइव्हसारखे असले तरी आत दोन वस्तू एकत्र असतात: एक कार्ड वाचणारा रीडर आणि त्यात कायमचे बसवलेले कार्ड, म्हणजे ती चिप. रीडरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, कारण रीडरची भाषा प्रमाणित आहे. कार्डाचे तसे नसते. त्या विशिष्ट कार्डाशी कसे बोलायचे, किल्ली कोठे आहे, पासवर्ड कसा विचारायचा, हे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक असते. म्हणून रीडर बरोबर आणि कार्ड अनोळखी अशी स्थिती सहज येते. येथे तेच झाले होते: खाली Smart cards गटात Unknown Smart Card अशी दुसरी नोंद होती आणि तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

खात्री करण्यासाठी विंडोजचीच आज्ञा वापरली:

```
certutil -silent -scinfo
```

`-silent` मुद्दाम लावले, कारण त्याशिवाय ही आज्ञा पासवर्ड विचारते आणि चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा गेला की टोकन कुलूपबंद होते. उत्तरात रीडरची संख्या 1 आली, कार्ड उपस्थित असल्याचे आले, एटीआरची सोळा-आधारी अंकांची ओळ आली, परंतु Card या शब्दासमोरची जागा रिकामी होती. एटीआर म्हणजे कार्डाला वीज मिळताच ते देते ती पहिली ओळख. विंडोज ती ओळख आपल्या नोंदवहीतील यादीशी जुळवते आणि जुळली तर संबंधित सॉफ्टवेअरकडे काम सोपवते. येथे ओळख आली, पण यादीत जुळणी नव्हती. म्हणजे या टोकनचे सॉफ्टवेअर चार वेळा "टाकूनही" बसलेले नव्हते.

स्थापित प्रोग्रॅमांची यादी पाहिल्यावर कारण कळले. तेथे जुन्या टोकनचे सॉफ्टवेअर होते, नव्याचे नव्हते. हिशेबनीसांनी जपून ठेवलेल्या सीडीवरून चारही वेळा जुन्याच उत्पादकाचा ड्रायव्हर टाकला होता, कारण दोन्ही टोकन एकाच मध्यस्थाकडून घेतलेली असल्याने सीडीही तीच चालेल असे त्यांना वाटले. त्यात त्यांची चूक मी मानत नाही. टोकनच्या वेष्टनावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव ठळक असते आणि टोकन बनवणाऱ्याचे नाव बारीक. ड्रायव्हर मात्र टोकन बनवणाऱ्याचा लागतो, प्रमाणपत्र देणाऱ्याचा नव्हे. नाव वाचता येत नसेल तर रीडरच्या Hardware Ids मधील VID हा चार अक्षरी क्रमांक उत्पादक सांगतो. उदाहरणार्थ `VID_096E` हा फेतियान या टोकन बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आहे.

केलेला क्रम असा: टोकन काढून ठेवले, जुने सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनेलमधून काढले, संगणक पुन्हा चालू केला, नव्या टोकनचे सॉफ्टवेअर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत पानावरून उतरवून, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले, पुन्हा संगणक चालू केला आणि मगच टोकन लावले. जुने आधी काढण्याचा आग्रह मी का धरला, हेही येथे नोंदवतो. प्रत्येक उत्पादकाचे सॉफ्टवेअर एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम सतत चालू ठेवते, जो टोकन लागताच त्याचा ताबा घेऊ पाहतो. दोन पहारेकरी एकाच वेळी असले की कधी एकाला टोकन मिळते, कधी दुसऱ्याला, आणि "सकाळी दिसत होते, दुपारी दिसत नाही" अशी तक्रार येऊ लागते. असा अधूनमधून येणारा दोष शोधण्यात सर्वाधिक वेळ जातो.

नंतर तीच आज्ञा दिली, तेव्हा Card समोर नाव आले. `certmgr.msc`, म्हणजे विंडोजचे प्रमाणपत्र-भांडार, उघडून Personal विभागात संचालकांचे प्रमाणपत्र दिसले आणि त्यावर दोनदा टिचकी मारल्यावर तळाशी खासगी किल्ली उपलब्ध असल्याचे वाक्य होते. हे वाक्य वाचल्याशिवाय काम पूर्ण मानू नये. जुन्या टोकनचे मुदत संपलेले प्रमाणपत्रही याच यादीत, त्याच नावाने शिल्लक होते. सही करताना नेमके तेच निवडले जाण्याचा धोका असल्याने ते यादीतून काढून टाकले.

जुन्या संगणकावरही हाच क्रम दुपारी पूर्ण केला.

आज आढळलेली एक गंभीर बाब वेगळी नोंदवतो. टोकन उघड्या खणात होते आणि पासवर्ड त्याच्या टोपणावर चिकटपट्टीने लावलेला होता. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे आपल्या खासगी किल्लीवर ताबा राखण्याची काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची असते. म्हणजे ही जबाबदारी संचालकांची आहे, हिशेबनीसांची नाही. मी फोनवर संचालकांना हे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि टोकन यापुढे स्वतःकडे ठेवण्याचे मान्य केले.

शनिवार, 13 जुलै 2024

प्रमाणपत्र विंडोजला दिसू लागले, तरी केबिनमधील संगणकावर जीएसटीच्या संकेतस्थळावर सही होईना. सहीची emSigner ही उपयुक्तिका, म्हणजे संगणकावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालू असतानाही तिच्याशी जोडणी होत नसल्याचा संदेश येत होता. भिंतीवर "सहीसाठी इंटरनेट एक्सप्लोररच वापरावे" अशी जुनी सूचना चिकटवलेली आहे आणि हिशेबनीसांच्या मते दोष ब्राउझरचा आहे.

ती सूचना एकेकाळी बरोबर होती. त्या वेळी सही ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जावा अॅपलेटद्वारे होत असे. सप्टेंबर 2015 मध्ये क्रोमच्या 45 व्या आवृत्तीने आणि मार्च 2017 मध्ये फायरफॉक्सच्या 52 व्या आवृत्तीने अशा अॅपलेटांचा मार्ग बंद केला, आणि 15 जून 2022 रोजी इंटरनेट एक्सप्लोरर 11 चाही आधार संपला. त्यामुळे आता संकेतस्थळाचे पान टोकनला स्पर्शच करत नाही. संगणकावर चालणारी उपयुक्तिका टोकनशी बोलते आणि पान त्या उपयुक्तिकेशी, याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावर बोलते. emSigner साठी तो पत्ता असा आहे:

```
https://127.0.0.1:1585
```

या पत्त्यावरचे सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरने मान्य केलेले नसेल, तर पान आणि उपयुक्तिका यांच्यातील जोडणी शांतपणे नाकारली जाते. सामान्य संकेतस्थळ असते तर ब्राउझरने पानभर इशारा दाखवला असता. येथे जोडणी पानाच्या आडून होत असल्याने इशारा दाखवायला जागाच नसते आणि वापरणाऱ्याला फक्त "जोडणी झाली नाही" एवढेच कळते. उपाय म्हणून emSigner उजव्या टिचकीने अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केले, वरील पत्ता क्रोममध्ये स्वतंत्र टॅबवर उघडला, इशारा आल्यावर Advanced मधून पुढे जाण्यास संमती दिली आणि मग जीएसटीचे पान पुन्हा लोड केले. प्रमाणपत्रांच्या यादीत संचालकांचे नाव आले. संमती ज्या ब्राउझरमध्ये दिली त्याच्यापुरतीच असते, म्हणून एजमध्येही तीच कृती केली. अशी संमती केवळ स्वतःच्या संगणकाच्या या पत्त्यासाठी द्यायची. बाहेरच्या कोणत्याही पत्त्यावर असा इशारा आला तर मागे फिरायचे, हे हिशेबनीसांना बजावून सांगितले.

भिंतीवरची सूचना काढली.

सोमवार, 15 जुलै 2024

आज घरून सही करण्याचा प्रश्न. कार्यालय आणि संचालकांचे घर यांच्यात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी, आधीपासून आहे आणि त्यावरून रिमोट डेस्कटॉपने केबिनमधील संगणकावर लॉगिन होते. आजवरची रीत अशी की टोकन केबिनमधील संगणकाला लावून ठेवायचे आणि घरून लॉगिन करून सही करायची. हे एकदाही चालले नाही.

मी स्वतः संचालकांच्या घरी बसून जोडणी केली. टोकन कार्यालयात लावलेले होते. त्या जोडणीत डिव्हाइस मॅनेजर उघडले, तर रीडर दिसत होता आणि कार्डही नावासह दिसत होते. त्याच क्षणी, त्याच पडद्यावर `certutil -silent -scinfo` दिले, तर एकही रीडर मिळाला नाही. एकाच संगणकाने एकाच वेळी दिलेली ही दोन परस्परविरोधी उत्तरे पाहून कोणीही ड्रायव्हरवर संशय घेईल. वास्तविक दोन्ही उत्तरे खरी आहेत. डिव्हाइस मॅनेजर यंत्राला काय जोडले आहे ते सांगतो. `certutil` त्या लॉगिनला कोणते कार्ड उपलब्ध आहे ते सांगते. रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत विंडोज कार्डाविषयीची प्रत्येक विचारणा दूरच्या यंत्राकडे न पाठवता, वापरणारा जेथे बसला आहे त्या यंत्राकडे वळवते. कार्ड माणसाजवळ असते, या गृहीतकावर ही रचना उभी आहे. म्हणून कार्यालयात लावलेले टोकन घरून कधीच दिसणार नव्हते, ड्रायव्हर कितीही वेळा टाकला असता तरी.

मग उपाय सरळ आहे: टोकन घरच्या लॅपटॉपला लावायचे. याने कलम 42 चाही प्रश्न सुटतो, कारण टोकन धारकाच्या हातात राहते. लॅपटॉपवर `mstsc` मध्ये, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत, Local Resources या पानावरील More दाबून स्मार्ट कार्डाच्या पर्यायावर खूण केली. जोडणी फाइलमध्ये साठवली असल्यास तीच गोष्ट या ओळीने होते:

```
redirectsmartcards:i:1
```

पुन्हा जोडणी केल्यावर दूरच्या `certutil`ला रीडर मिळाला, कार्डाचे नावही आले. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॅपटॉपवर टोकनचे सॉफ्टवेअर टाकलेले नव्हते, तरी काम झाले. कारण लॅपटॉपला फक्त रीडर ओळखायचा होता आणि तो विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर ओळखतो. कार्ड समजून घेण्याचे काम सही जेथे होते तेथे, म्हणजे कार्यालयातील संगणकावर होते, आणि तेथे सॉफ्टवेअर गुरुवारीच बसवलेले आहे.

ही वळवणी रिमोट डेस्कटॉपची आहे. पडद्याचे चित्र पाठवणाऱ्या इतर प्रोग्रॅमांत दूरच्या यंत्रावर आधीच चालू असलेले लॉगिनच वापरले जाते, त्यामुळे तेथे कार्यालयात लावलेले टोकन दिसू शकते. एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी चालत नाही यामागे हेच कारण आहे. परंतु त्या मार्गाने टोकन मालकाविना कार्यालयात पडून राहते, म्हणून मी तो सुचवलेला नाही.

मंगळवार, 16 जुलै 2024

काल रात्री संचालकांनी स्वतः प्रयत्न केला तेव्हा प्रमाणपत्रांची यादी पुन्हा रिकामी आली. `certutil`ला कार्ड दिसते, `certmgr.msc` मध्ये प्रमाणपत्र दिसते, emSigner चालू आहे, ब्राउझरची संमती आहे आणि तरीही यादी रिकामी. सकाळी तासभर याच्यावर विचार केल्यावर तपासायची एकच गोष्ट उरली होती: 1585 या क्रमांकावर नक्की कोण बसले आहे?

```
netstat -ano | findstr :1585
```

शेवटच्या रकान्यात प्रक्रियेचा क्रमांक येतो. टास्क मॅनेजरच्या Details पानावर तो क्रमांक शोधला, तर त्यासमोर वापरकर्ता म्हणून संचालकांचे नव्हे, हिशेबनीसांचे नाव होते. हिशेबनीस संध्याकाळी निघताना लॉग आउट करत नाहीत, फक्त पडदा बंद करतात. त्यांचे लॉगिन मागे जिवंत राहते आणि त्यातले emSigner ही चालू राहते. 127.0.0.1 हा पत्ता यंत्राचा असतो, लॉगिनचा नसतो. त्यामुळे संचालकांच्या ब्राउझरने विचारलेला प्रश्न हिशेबनीसांच्या emSigner कडे गेला, त्याने हिशेबनीसांचे प्रमाणपत्र-भांडार पाहिले आणि ते रिकामे असल्याने रिकामी यादी परत दिली. कोणताही भाग बिघडलेला नव्हता. उत्तर फक्त चुकीच्या लॉगिनमधून येत होते.

हिशेबनीसांचे लॉगिन बंद केले, संचालकांच्या लॉगिनमध्ये emSigner नव्याने चालू केले आणि नाव यादीत आले. यापुढे हिशेबनीसांनी निघताना Sign out करायचे, असे ठरले. त्यांच्या लॉगिनमध्ये emSigner आपोआप सुरू होत होते, तेही थांबवले. टोकन संचालकांकडे गेल्यावर त्यांना त्याची गरज उरत नाही.

गुरुवार, 18 जुलै 2024

काल आषाढी एकादशी आणि मोहरम असल्याने कार्यालय बंद होते. हिशेबनीस नंदवाळच्या दिंडीला गेले होते. ही सुटी चाचणीसाठी उपयोगी पडली, कारण पुरात रस्ता बंद झाल्यावर जशी स्थिती असेल तशीच ती होती: कार्यालयात कोणी नाही, टोकन घरी.

संचालकांनी दुपारी घरून जोडणी केली आणि माझ्या मदतीविना एका अर्जावर सही केली. पासवर्डची खिडकी उघडायला कार्यालयातल्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण कार्डाशी होणारी प्रत्येक देवाणघेवाण व्हीपीएनवरून फिरून येते. या वेळेत पुन्हा पुन्हा बटण दाबू नये, एवढे त्यांना सांगितले आहे. आज सकाळी 3बी भरले गेले आणि सही पहिल्याच प्रयत्नात झाली.

जुन्या संगणकाचे मागचे पोर्ट आज पुन्हा माऊस लावून पाहिले. ते ठीक आहे. पुढच्या पोर्टवरची एक रबरी टोपी मात्र निघालेली होती आणि खाली जिभेवर नऊ दिवसांतच काळी रेघ दिसू लागली होती. टोपी बसवली आणि संगणकाची जागा दरवाजापासून आतल्या भिंतीकडे हलवण्यास सांगितले. सुतार उद्या टेबल सरकवून देणार आहे.